साबणावर १०० ग्रॅम लिहिलं, गिऱ्हाइकाच्या काट्यावर ९३ भरलं

फेसाळ

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, घरी कोल्ड प्रोसेसचे साबण करते आणि ऑनलाइन विकते. साबण करायला मजा येते, फोटो काढायलाही. लिस्टिंग लिहायचं काम मात्र मी कायम रात्री साडेअकराला, जांभया देत उरकते. त्याची फळं आता मिळाली आहेत.

परवा एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. वजनकाट्यावर माझी वडी, आकडा ९३. खाली एकच ओळ: "१०० ग्रॅम लिहिलंय ना?" मी चाटच पडले. ज्या दिवशी लादी कापली त्या दिवशी मी स्वतः दहाही वड्या मोजल्या होत्या, १०३ ते १०६ च्या मध्ये सगळ्या. म्हणजे मी उलट कमीच लिहिलं होतं! तेवढ्यात दुसरीने कळवलं की तीन-चार वेळा वापरल्यावर मानेवर लाल पुरळ आलं.

आत्ता पानावर जे आहे ते जसंच्या तसं देते:

"लॅव्हेंडर साबण. १०० टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री. ऑलिव्ह तेल, खोबरेल, शिया बटर, एरंडेल आणि शुद्ध लॅव्हेंडर तेल. वजन १०० ग्रॅम. पीएच संतुलित. सर्व प्रकारच्या त्वचेसाठी, संवेदनशील त्वचेसाठीही उत्तम. २४ महिने टिकतो."

यात नेमकं काय बदलू? सोलून काढलंत तरी चालेल, वाईट वाटून घेणार नाही.

तिरकसराव

"साबण" हा शब्द तेवढा ठेवा. बाकी बघू.

मोगरी

फेसाळ, पुरळ आलंय त्यावर कोरफडीचा गर लावायला सांग. मला पण मागे मानेवर असंच झालं होतं, आठ दिवसांत गेलं.

फेसाळ

@मोगरी, अगं ते माझ्या मानेवर नाही, गिऱ्हाइकाच्या. वापर थांबवा आणि पैसे परत करते एवढं कळवलंय.

@तिरकसराव, :)

रसायनकाका

आधी वजनाचं बघू, ते सोपं आहे आणि त्यात तुमची काही लबाडीही नाही. कापायच्या दिवशीची वडी म्हणजे ओली वडी. त्या लादीत पाणी किती घातलं होतं? तेलं, लाय म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि सुगंधाचे आकडेही सांगा.

फेसाळ

वहीत आहे. तेलं मिळून ७०० ग्रॅम (ऑलिव्ह ३५०, खोबरेल २१०, शिया १०५, एरंडेल ३५). पाणी २३०. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तोच सोडा, ९८; ५ टक्के सुपरफॅट धरून, म्हणजे तेवढं तेल मोकळं राहील असं. लॅव्हेंडर २१. मोजून दहा वड्या.

रसायनकाका

छान, वही ठेवता म्हणजे अर्धं काम झालेलं आहे.

बेरीज करा: १०४९ ग्रॅम. दहा वड्या म्हणजे सरासरी १०५. त्यात एकेका वडीत २३ ग्रॅम नुसतं पाणी. पुढचे चार-सहा आठवडे तुम्ही वड्या मांडणीवर मुरत ठेवता तेव्हा हे पाणी उडत जातं. सगळं उडत नाही, पण निम्मं सहज जातं. १०५ मधून ११-१२ वजा करा, तुमच्या गिऱ्हाइकाचा ९३ आलाच. त्यांचा काटा बरोबर आहे, तुमचाही बरोबर होता. मोजायचा दिवस चुकला.

त्यात आणखी एक मेख अशी की वजन आटणं सहाव्या आठवड्याला थांबत नाही. वेग मंदावतो एवढंच. कागदात गुंडाळलेली वडी तिथेही थोडी थोडी हलकी होत राहते. म्हणून एखादी वडी विकू नका, ती फक्त मोजायला ठेवा. तिच्या पाठीवर तारीख कोरा आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर ठेवून आकडा लिहा.

अवंती_क

मी नेमकं हेच करते, त्या वडीला आमच्याकडे "साक्षीदार" म्हणतात. माझ्या मागच्या साक्षीदाराचे आकडे, फेसाळच्यासारखीच रेसिपी: कापताना १०५, पहिल्या आठवड्यानंतर १००, दुसऱ्या आठवड्याला ९८, चौथ्याला ९६, सहाव्याला ९५, दहाव्याला साडेत्र्याण्णव. पहिल्या आठवड्यातच पाच ग्रॅम गेले बघ. पावसाळी हवेत हेच हळू होतं, एकदा तर एका आठवड्यात आकडा हललाच नाही.

फेसाळ

अगं बाई! म्हणजे गिऱ्हाइकाने पाठवलेला आकडा तुझ्या वहीत आधीच होता.

मग लिहू काय? "अंदाजे १०० ग्रॅम"?

श्रीरंग_७

अंदाजे लिहून टाका की. हाताने केलेली वस्तू आहे, थोडं मागेपुढे होणारच. लोकांना कळतं.

अवंती_क

@श्रीरंग_७, नाही पटलं. "अंदाजे १०० ग्रॅम" म्हटल्यावर माणूस समजतो की कधी ९७ येईल, कधी १०३. इथे दहातली एकही वडी १०० ची नाही. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर त्याला अंदाज म्हणत नाहीत.

मी पॅकिंगच्या दिवशी सगळ्या वड्या मोजते, त्यातली सर्वांत हलकी पकडते आणि तिच्याहून थोडा खालचा आकडा लिहिते. फेसाळच्या वड्या सहा आठवड्यांनी ९४ ते ९७ भरत असतील तर पानावर "किमान ९० ग्रॅम". मग दोन महिने पडून राहिली तरी खोटं ठरत नाही.

रसायनकाका

आणि १०० च हवं असेल तर ओली वडी ११५ च्या आसपास कापा. म्हणजे १०४९ च्या त्याच लादीत दहाऐवजी नऊ वड्या.

तिरकसराव

वजन कमी करायला लोक पैसे मोजतात, इथे साबणाचं फुकटात कमी होतंय तर तक्रार.

वातीवरचा

साबणात मला गती नाही, मी मेणबत्त्या करतो. पण धागा वाचून अंगावर काटा आला, कारण हाच घोळ मी जळण्याच्या तासांत घातला होता. जरा लांबण लागेल, सांगू का?

फेसाळ

सांगा की! मलाही दिवाळखोरीत सोबत हवीच आहे. शिवाय काचेतल्या मेणबत्त्या पुढे करायच्या डोक्यात आहेत.

वातीवरचा

माझ्या पहिल्या लिस्टिंगवर "३९० ग्रॅम, ४० तास" असं होतं. ३९० हे काचेसकट! रिकामा ग्लास २१०, आत सोया मेण आणि सुगंध मिळून १८०. एकाने विचारलं, "काच पण जळते का हो?" तेव्हापासून भरलेलं मेण तेवढंच निव्वळ वजन म्हणून लिहितो. ग्लासचं माप हवंच असेल तर उंची आणि व्यास वेगळे देतो.

४० तास कुठून आले? कुठल्याशा तक्त्यात पाहिलं, ताशी साडेचार ग्रॅम मेण जळतं. १८० भागिले साडेचार. झाले ४०. मी माझी मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून बघितलेलीच नव्हती.

मग बसलो एकदा. पेटवायच्या आधी वजन, वात साधारण ५ मिलिमीटर कापलेली, वारा नाही अशा जागी. चार तास जाळायची, विझवायची, पूर्ण गार झाली की पुन्हा वजन. दुसऱ्या दिवशी पुन्हा वात कापून तेच. पहिल्या चार तासांत २२ ग्रॅम गेले, म्हणजे ताशी साडेपाच. दुसऱ्या वेळी २६. मधल्या वेळांना २७-२८. ज्योत ग्लासच्या आत खोल गेली तशी काच तापायला लागली आणि वेग वाढला. सरासरी ताशी साधारण साडेसहा.

आता १८० भागायचे का साडेसहाने? नाही. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की विझवायची असते, नाहीतर काच तळातून तापून तडकू शकते. माझ्या ग्लासात तेवढं मेण २० ग्रॅमच्या जवळपास भरतं. उरले १६०. भागिले साडेसहा, साडेचोवीस तास. कुठे ४०, कुठे २४!

काचेची_बरणी

बाप रे. पण मग मेणबत्ती पहिल्यांदा पेटवल्यावर तासाभरात विझवली तर? माझ्या एका मेणबत्तीत मध्ये विहीर पडली आणि कडेचं मेण तसंच राहिलं.

वातीवरचा

@काचेची_बरणी, अगदी तेच. कडेचं मेण वितळलंच नाही तर ते कुणाच्या हिशेबात येत नाही. म्हणून तासांच्या शेजारीच अट लिहावी लागते. मी आता असं लिहितो: "सुमारे २२ ते २४ तास, एका वेळी ३-४ तास जाळल्यास, प्रत्येक वेळी वात ५ मिलिमीटर ठेवल्यास. पहिल्या वेळी वितळलेलं मेण काचेच्या कडेपर्यंत पोचू द्या. तळाशी १ सेंटिमीटर मेण उरलं की विझवा."

श्रीरंग_७

२२ ते २४ वाचून कोण घेणार? शेजारचा विक्रेता ४५ लिहून मोकळा होतोय. मी पण करतो मेणबत्त्या, मी "४० तासांपर्यंत" लिहितो. "पर्यंत" म्हटलं की झालं, खोटं नाही.

वातीवरचा

@श्रीरंग_७, तुमची कधी ४० तास जळली आहे का? एकदा तरी?

श्रीरंग_७

सलग नाही बघितलं.

तिरकसराव

मी या धाग्यावर ४० तासांपर्यंत थांबू शकतो.

वातीवरचा

माझा अनुभव उलट आहे. तास कमी लिहिल्यावर सुरुवातीला विक्री थोडी मंदावली हे खरं. पण "लवकर संपली" हे प्रतिसाद बंद झाले, ते आधी दर महिन्याला एखाद-दुसरा यायचाच. विक्री परत चढली ती त्यामुळेच असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही, मी तेव्हाच फोटोही बदलले होते.

आणि हो, वात बदलली, रंग घातला किंवा सुगंध ६ टक्क्यांवरून १० वर नेला तर जुना आकडा रद्द, पुन्हा जाळायची. एकाच ग्लासातल्या माझ्या दोन सुगंधांमध्ये ताशी एका ग्रॅमचा फरक आहे.

फेसाळ

वातीवरचा, हे वहीत उतरवून घेतलं. आता माझ्या पुरळाकडे येऊ या का? म्हणजे गिऱ्हाइकाच्या.

चंद्रकला२

मी येते. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पण इथे बसून कुणाच्या मानेचं निदान करणार नाही. फक्त तुमच्या वाक्यांबद्दल बोलते.

"संवेदनशील त्वचेसाठीही उत्तम" हे वाक्य नेमक्या त्याच माणसाला बोलावून आणतं ज्याला तुमच्या साबणाचा त्रास होण्याची शक्यता सर्वांत जास्त. ज्याच्या त्वचेला काहीच होत नाही तो हे वाक्य वाचतसुद्धा नाही. तुम्ही कुणावर तपासून पाहिलं होतं?

फेसाळ

मी, आई आणि बहीण. :(

चंद्रकला२

तिघी एकाच घरातल्या. असो.

त्वचेला दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक नुसता दाह: साबण अल्कधर्मी असतो, कोरडी किंवा आधीच फुटलेली त्वचा त्याने चुरचुरते, आणि हे पहिल्याच वेळी होऊ शकतं. दुसरी अॅलर्जी. ती बहुतेक वेळा काही दिवस किंवा कित्येक वेळा वापरल्यावर उगवते, पहिल्या दिवशी सगळं ठीक असतं. तुमच्या गिऱ्हाइकाचं यातलं काय आहे हे मी सांगू शकत नाही. पण यावरून एवढं लक्षात घ्या की "वापरण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा" ही ओळ लिहिली तरी ती हमी नव्हे. २४ ते ४८ तास काही झालं नाही म्हणजे पुढे कधीच होणार नाही असं नसतं. तरी ओळ लिहा, निदान लगेच होणारा त्रास तिथे दिसतो.

मोगरी

पण डॉक्टर, लॅव्हेंडर तर नैसर्गिक आहे ना? त्याने कशी अॅलर्जी येईल? कृत्रिम सेंट असता तर समजलं असतं.

चंद्रकला२

@मोगरी, खाजकुयलीही नैसर्गिकच आहे.

लॅव्हेंडर तेलात लिनालूल नावाचा घटक भरपूर असतो. ताजा असताना तो तसा सौम्य असतो. हवेशी संपर्क येऊन त्याचं ऑक्सिडेशन झालं की जे तयार होतं त्याची अॅलर्जी बऱ्याच लोकांना असते. म्हणजे अर्धी रिकामी, वारंवार उघडलेली जुनी बाटली हे शुद्ध तेलाचं जास्त त्रासदायक रूप.

रसायनकाका

याचा हिशेब आपण फेसाळ यांच्याच वडीवर करू. १०४९ मध्ये २१ ग्रॅम तेल, म्हणजे २ टक्के. लॅव्हेंडर तेलात लिनालूल साधारण ३० टक्के धरा. म्हणजे साबणात ०.६ टक्के. युरोपीय संघाचा नियम असा आहे की धुऊन टाकायच्या वस्तूत असा घटक ०.०१ टक्क्याच्या वर गेला तर त्याचं नाव लेबलवर घटकांत लिहायचं, आणि त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ च्या वर गेला तर. तुमची वडी त्या रेषेच्या साठपट वर आहे.

साठपट म्हणजे साठपट धोका असं नाही, तेवढा विपर्यास करू नका. ती बंदीची रेषा नाही, नाव सांगण्याची आहे. तुम्ही जिथे विकता तिथे तो नियम लागू असो वा नसो, ज्या बाईला पूर्वी लिनालूलचा त्रास झालाय तिला तुमच्या पानावर तो शब्द शोधता आला पाहिजे. "शुद्ध लॅव्हेंडर तेल" वाचून तिला काही कळत नाही.

अवंती_क

या नावांची यादी आधी २६ ची होती, २०२३ मध्ये वाढवून ८० च्या वर नेली. घाबरू नकोस, तेल जिथून घेतेस त्यांच्याकडे अॅलर्जेन पत्रक माग. त्यात त्या तेलात कोणकोण किती टक्के आहे ते असतं. लॅव्हेंडरमध्ये लिनालूलबरोबर थोडं लिमोनीन, जिरॅनिऑल वगैरेही निघतील. पत्रकातला टक्का गुणिले तुझे २ टक्के, बास. दालचिनी किंवा लवंगेचं तेल वापरत असशील तर ते पत्रक वाचल्याशिवाय पुढे जाऊच नकोस, ती दोन्ही फार जहाल.

जे पत्रक द्यायला टाळाटाळ करतात त्यांच्याकडून मी घेणं बंद केलं.

फेसाळ

माझी बाटली दीड वर्ष जुनी आहे. तळाशी थोडं उरलंय. आत्ता उठून बघून आले.

तिरकसराव

बाटलीवर पण "२४ महिने टिकतो" लिहिलंय का?

रसायनकाका

तिरकसरावांनी विनोदात बरोबर जागी बोट ठेवलं. २४ महिने तुम्ही कशावरून काढलेत?

फेसाळ

खरं सांगू? इतर पानांवर तेच दिसतं म्हणून.

श्रीरंग_७

साबणाला मुदत कसली! तो जितका जुना तितका चांगला. आणि व्हिटॅमिन ई घाला, मग काहीच खराब होत नाही. मी माझ्या कोरफड लोशनमध्ये पण तेच घालतो, वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही.

रसायनकाका

श्रीरंगराव, पहिलं वाक्य अर्धं बरोबर. मुरलेला साबण कडक होतो, जास्त दिवस पुरतो, आणि त्याच्या अल्कधर्मी अंगात बुरशीला सहसा थारा मिळत नाही. पण ५ टक्के सुपरफॅट म्हणजे तेवढं तेल साबण न होता मोकळं राहिलेलं आहे. ते खवट होतं. वडीवर नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलाचा वास, ही त्याची खूण. म्हणून मुदत ठरते ती तुमच्या सगळ्यांत नाजूक तेलावरून, आणि साबण केला त्या दिवशी ते तेल किती महिन्यांचं होतं यावरून. सहा महिन्यांत संपणारं तेल घालून २४ महिन्यांचा साबण होत नाही.

दुसरं वाक्य मात्र ताबडतोब सोडा. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं. जिवाणू-बुरशीला ते काही करत नाही. कोरफडीच्या लोशनमध्ये पाणी आहे. पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच. लोशन दिसायला पांढरंशुभ्र आणि आत वसाहत, असं होऊ शकतं, वास यायच्याही आधी.

श्रीरंग_७

दोन वर्षं विकतोय, कुणाची तक्रार नाही.

चंद्रकला२

@श्रीरंग_७, तक्रार न करता वापर बंद करणारी माणसं जास्त असतात. ते लोशन आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

काचेची_बरणी

मी लिपबाम करते, पाणी अजिबात नाही, मेण आणि तेलं फक्त. मी दोन आकडे देते: न उघडता अमुक तारखेपर्यंत, आणि उघडल्यावर ६ महिने. ते डबीचं झाकण उघडं असलेलं चिन्ह असतं ना, त्यात ६एम. माझ्या बॅचमधली एक डबी मी फोडून बाथरूममध्येच ठेवते आणि दर महिन्याला वास घेऊन बघते. नवऱ्याने एकदा ती संपवून टाकली, प्रयोग गेला वाया.

उगाचच

नवऱ्याची मुदत किती महिने?

काचेची_बरणी

उघडल्यावर? कधीच संपली. वास येतो अधूनमधून.

मोगरी

मला एक विचारायचं होतं. फेसाळ, तुझ्या घटकांमध्ये कॉस्टिक सोडा लिहिलेलाच नाही. तो तर घातलास ना?

फेसाळ

घातला. पण तो साबणात उरत नाही गं, तेलाशी मिळून संपून जातो. लिहिलं तर लोक घाबरतात. एकीने मला "कॉस्टिक सोड्याने तर मोरी साफ करतात" असं सुनावलं होतं.

अवंती_क

इथे दोन पंथ आहेत. एक म्हणतात, भांड्यात जे टाकलं ते लिहा: ऑलिव्ह तेल, खोबरेल, पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड वगैरे. दुसरे म्हणतात, वडीत जे आहे ते लिहा: सोडियम ऑलिव्हेट, सोडियम कोकोएट, पाणी, ग्लिसरीन. मी दुसऱ्या पंथातली. एकच चालत नाही, ते म्हणजे तुझं: पाणी आणि लाय दोन्ही गाळून नुसती तेलं लिहिणं. ते वाचून वाटतं की तेल थिजवून वडी केली.

रसायनकाका

मी पहिल्या पंथातला. "सोडियम कोकोएट" वाचून खोबरेलाची अॅलर्जी असलेल्याला काय बोध होणार? भांड्यातलं लिहा आणि खाली एक ओळ: सोडियम हायड्रॉक्साइड तेलांशी संयोग होऊन साबण बनतो, मुरलेल्या वडीत तो उरत नाही.

अवंती_क

काका, ते "उरत नाही" म्हणायला काटा अचूक हवा आणि हिशेब बरोबर हवा. एखाद्या बॅचमध्ये चुकला तर तीच ओळ अंगाशी येईल.

रसायनकाका

हिशेब चुकला तर ती बॅच विकायचीच नसते, ओळ कुठलीही असो.

चंद्रकला२

तुमचं दोघांचं चालू द्या, मला दोन्ही यादी चालतील. पण "केमिकल-फ्री" आणि "पीएच संतुलित" हे दोन्ही काढा. तेल आणि लाय मिळून होणाऱ्या खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या घरात असतो. त्वचेचा ५ च्या आसपास. तो "संतुलित" करायला तुम्ही लिंबाचं आम्ल ओतलंत तर साबण फुटून परत चिकट तेलकट गोळा होईल.

फेसाळ

हे मला माहीत असूनही लिहिलं, कारण ऐकायला बरं वाटतं. गुन्हा कबूल.

फेसाळ

चार दिवसांनी येतेय. नवी बाटली आणि पत्रक मागवलं. त्यात लिनालूल ३४ टक्के आहे, म्हणजे काकांच्या अंदाजाहून जरा जास्तच. जुन्या तेलाच्या उरलेल्या सहा वड्या विक्रीतून काढल्या, घरात हात धुवायला. नव्या तेलाची लादी परवा ओतली आणि काल नऊ वड्या कापल्या, ११४ ते ११७ भरल्या. एक साक्षीदार बाजूला, विकायला आठ. हा नवा मजकूर:

"लॅव्हेंडर साबण, हाताने केलेला, सहा आठवडे मुरवलेला. निव्वळ वजन पॅकिंगच्या दिवशी किमान १०० ग्रॅम. साबण वाळत जातो तसं वजन आणखी थोडं घटतं. घटक: ऑलिव्ह तेल, पाणी, खोबरेल तेल, शिया बटर, सोडियम हायड्रॉक्साइड (तेलांशी संयोग होऊन साबण बनतो), एरंडेल, लॅव्हेंडर तेल. लॅव्हेंडर तेलातून येणारे: लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल. सुगंधी तेलांची अॅलर्जी, इसब किंवा फुटलेली त्वचा असल्यास हा साबण घेऊ नका. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला वापरून ४८ तास थांबा. खाज किंवा लाली आल्यास वापर बंद करा. बॅच क्रमांक आणि तारीख वेष्टनावर. तयार केल्यापासून १२ महिन्यांत वापरा. नारिंगी ठिपके किंवा खवट वास आल्यास टाकून द्या."

१२ महिने धरले कारण माझं सगळ्यांत लवकर संपणारं तेल शिया बटरबरोबर आलेलं ऑलिव्ह, त्यावर अजून चौदा महिने आहेत.

अवंती_क

पंथ बदललास, माफ केलं. बाकी चोख.

वातीवरचा

"घेऊ नका" असं लिस्टिंगवर लिहायला जिगर लागते.

श्रीरंग_७

विक्री बसेल तुमची. बाकी तुमची मर्जी.

(माझं ते लोशन तपासायला किती नमुना लागतो, कुणी सांगेल का? सहज विचारतोय.)

चंद्रकला२

@श्रीरंग_७, ज्या प्रयोगशाळेत देणार त्यांनाच आधी विचारा, सीलबंद डब्या मागतील. उघडलेली देऊ नका.

रसायनकाका

फेसाळ, मजकूर चांगला आहे, एकच खोट. "किमान १०० ग्रॅम" तुम्ही आज लिहिताय आणि वड्या काल कापल्यात. सहा आठवडे व्हायचेत.

फेसाळ

अरे देवा. परत तेच! पान बंद करून ठेवते. साक्षीदार आज ११३ आहे.

तिरकसराव

काल ११५ होता ना? मी म्हटलंच होतं, डाएटवर आहे.